भाव पडला, पण शेअर स्वस्त झाला का?

सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर एशियन पेंट्सचा शेअर ३,३९० रुपयांच्या आसपास होता. ४ मार्च २०२५ ला तो २,१२५ पर्यंत खाली आला. साडेपाच महिन्यांत ३७ टक्के घसरण, आणि तीही कोणत्या कंपनीत, तर जिने पन्नास वर्षांहून अधिक काळ देशातल्या रंगांच्या बाजारात पहिला क्रमांक सोडलेला नाही. १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजात चार मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी. पुढे तिचा मोठा कारखाना भांडुपला उभा राहिला आणि मुख्य कचेरी सांताक्रूझ पूर्वेला शांतीनगरात गेली. त्यामुळे घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत ती अनेकांना घरची कंपनी वाटते. कितीतरी कुटुंबांत आई-वडिलांनी घेतलेले तिचे शेअर आजही डिमॅटमध्ये पडून आहेत. म्हणून ती पडली की पहिला विचार हाच येतो: चांगली कंपनी एवढी खाली आली आहे, आता घेऊन ठेवावी.

हा विचार चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. या धंद्यासाठी किती पैसे मोजणे शहाणपणाचे, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर कंपनीच्या हिशेबात मिळते. ते पैसे कधी मोजायचे, हा दुसरा. त्याचा अंदाज चार्टवरून बांधता येतो. नुसता हिशेब मांडणारा माणूस घसरणीच्या मध्यावरच सगळी रक्कम घालून बसतो, आणि नुसता चार्ट बघणारा पहिल्या उसळीला भुलतो. एशियन पेंट्सचे २०२४-२५ हे वर्ष या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी दाखवते, म्हणून उदाहरणाला ते घेतले आहे. शेअर घ्या किंवा विका असे सांगण्याचा हेतू नाही. हिशेब कसा करायचा एवढेच दाखवायचे आहे.

आधी मूल्य पाहू. २०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा सुमारे ५,४६० कोटी रुपये होता. शेअर आहेत साधारण ९६ कोटी. म्हणजे एका शेअरमागे ५७ रुपये कमाई. ३,३९० ला ५७ ने भागले की पीई येतो जवळपास ६०. २०२४-२५ मध्ये नफा ३,६६७ कोटींवर उतरला आणि शेअरमागची कमाई ३८ रुपयांवर आली. जून २०२५ मध्ये भाव २,२०० च्या आसपास होता. २,२०० भागिले ३८, पीई सुमारे ५८.

भाव एक तृतीयांशाहून जास्त खाली आला आणि पीई साठावरून फक्त अठ्ठावन्नवर आला. भावाबरोबर नफाही पडला, म्हणून कमाईच्या मापाने शेअर जिथे होता जवळपास तिथेच राहिला. 'वरच्या भावापासून एवढे टक्के खाली' हे माप घेऊन स्वस्त-महाग ठरवणाऱ्याला हे दिसतच नाही. घसरणीतल्या प्रत्येक चांगल्या कंपनीच्या बाबतीत हा भागाकार सगळ्यात आधी करावा.

पण इथे थांबलो तर उलट बाजूची चूक होईल. ३८ रुपये ही कमाई खरी म्हणायची की वाईट वर्षातली? रंगाच्या धंद्यात कच्च्या मालाचा मोठा हिस्सा खनिज तेलाशी बांधलेला असतो. २०२३-२४ मध्ये तो माल उतरलेल्या भावाने मिळाला आणि व्याज, घसारा, कर वजा करण्यापूर्वीचा नफा विक्रीच्या २१ टक्क्यांच्या पुढे गेला. ते वर्ष नेहमीपेक्षा चांगले होते. २०२४-२५ मध्ये शहरी मागणी थंडावली, बिर्ला ओपस हा नवा स्पर्धक बाजारात पसरू लागला, दुकानदारांना आणि रंगाऱ्यांना द्यायच्या सवलती वाढल्या आणि हेच प्रमाण पावणेअठरा टक्क्यांपर्यंत घसरले. शिवाय त्या वर्षी काही गुंतवणुकींचे मूल्य कमी करून लिहिल्यामुळे नफ्यातून एकदाच जाणारी रक्कमही वजा झाली होती. ते वर्ष नेहमीपेक्षा वाईट होते. कंपनीची व्यवस्थापन मंडळी स्वतः १८ ते २० टक्क्यांचा पट्टा सांगत आली आहेत.

तेव्हा मध्य धरू, १९ टक्के. वर्षाची विक्री सुमारे ३३,८०० कोटी. तिचे १९ टक्के म्हणजे साधारण ६,४०० कोटी. त्यातून घसारा आणि व्याज मिळून साडेबाराशे कोटींच्या आसपास जातात, इतर उत्पन्न साडेपाचशे-पावणेसहाशे कोटी येते, मग कर. हातात राहतात ४,३०० कोटींच्या आसपास, म्हणजे शेअरमागे ४५ रुपये. ही झाली सर्वसाधारण वर्षातली कमाई. मूल्यमापनाचा पाया हाच आकडा असावा, ५७ ही नको आणि ३८ ही नको. ज्याने ५७ धरले त्याला २,२०० फार स्वस्त वाटणार, ज्याने ३८ धरले त्याला फार महाग. दोघांचे गणित बरोबर असते, दोघांनी निवडलेले वर्ष चुकलेले असते.

पुढचा आकडा वाढीचा. तिथेही वर्ष निवडण्याचा तोच खेळ आहे. २०१३-१४ ते २०२३-२४ या दहा वर्षांत नफा १,२१९ कोटींवरून ५,४६० कोटी झाला, वर्षाला १६ टक्के वाढ. एकच वर्ष पुढे सरका. २०१४-१५ च्या १,३९५ कोटींवरून २०२४-२५ चे ३,६६७ कोटी, वर्षाला जेमतेम १० टक्के. शेवटी ३,६६७ ऐवजी आपले सर्वसाधारण ४,३०० कोटी ठेवले तर १२ टक्क्यांच्या जवळ. म्हणून पुढच्या दहा वर्षांसाठी ११ ते १४ टक्के असा पट्टा धरणे मला रास्त वाटते. त्यातही १४ हा आशावादी आकडा आहे. नव्या स्पर्धकाने दहा हजार कोटी ओतले असताना त्याच्यावर विसंबून बसू नये.

आता मूल्य. समजा आपल्याला वर्षाला १२ टक्के परतावा हवा. त्यातला सुमारे एक टक्का लाभांशातून येतो (२०२४-२५ साठी शेअरमागे २४ रुपये ८० पैसे मिळाले). उरलेले ११ टक्के भाव वाढून यायला हवेत. दहा वर्षांनी बाजार या शेअरला किती पीई देईल? गेल्या दहा वर्षांत तो बहुतेक काळ पन्नासच्या वर राहिला आहे, पण स्पर्धा वाढलेल्या धंद्याला तेवढा मान मिळेलच असे नाही. ४० धरू. मग गणित सोपे होते. कमाई वर्षाला ११ टक्क्यांनीच वाढली तर आज द्यायची रक्कम ४५ गुणिले ४०, म्हणजे १,८००. वाढ १३ टक्के झाली तर सुमारे २,१५०. १४ टक्के झाली तर २,३५०.

हा आपला पट्टा: १,८०० ते २,३५०. एकच नेमका आकडा काढायचा मोह टाळावा, कारण ४० ऐवजी ४५ पीई धरला की सगळा पट्टा आठव्या हिश्शाने वर सरकतो. पट्टा असला की आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती नाही, तेही त्यात दिसते. मार्च आणि जून २०२५ मधला २,१२५ ते २,३०० हा भाव या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात पडतो. म्हणजे स्वस्त नाही, पण सप्टेंबर २०२४ सारखा हाताबाहेरही नाही. ३,३९० ला घेणाऱ्याला तेवढाच परतावा मिळायचा तर दहा वर्षांनी शेअरमागे २४० रुपये कमाई हवी होती. त्या चांगल्या वर्षातल्या ५७ रुपयांवरूनही वर्षाला साडेपंधरा टक्के वाढ. एवढी अपेक्षा भावात भरलेली असली की एक वाईट तिमाही पुरते.

ती तिमाही नोव्हेंबरमध्ये आली. शनिवार ९ नोव्हेंबर २०२४ ला जुलै-सप्टेंबरचे निकाल लागले. निव्वळ नफा १,२०५ कोटींवरून ६९४ कोटी. देशातल्या घरगुती रंगांची विक्री, रुपयांत नाही तर मापाने, अर्ध्या टक्क्याने घटली. सोमवारी बाजार उघडला तेव्हा शेअर आठ टक्क्यांनी खाली येऊन २,५४० च्या आसपास गेला.

चार्टचा विषय इथून सुरू होतो. या शेअरचा साप्ताहिक चार्ट उघडला तर २०२३ आणि २०२४ च्या पूर्वार्धात एक ठळक गोष्ट दिसते. भाव २,६७० ते २,७०० च्या आसपास आला की खरेदी निघे आणि शेअर पुन्हा वर जाई. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये असे झाले आणि मे २०२४ मध्येही. बाजारातले लोक याला सपोर्ट म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाव २,७७० ला आला तेव्हा 'सपोर्टजवळ आला आहे, घ्या' म्हणून अनेकांनी घेतला असणार. सोमवारी शेअरने ती पातळी एका उडीत ओलांडली. पातळी चार्टवर काढलेली रेघ असते. तिच्यामागे खरेदी करणारे उभे असतात तोवरच ती टिकते. निकालाने त्या खरेदीदारांचा हिशेबच बदलला. ५७ रुपयांच्या कमाईवर २,७०० ला घेणाऱ्यांना आता ४४-४५ चा आकडा दिसू लागला होता.

त्यामुळे घसरणाऱ्या शेअरमध्ये जुन्या सपोर्टवर आगाऊ खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः ती पातळी आपल्या मूल्याच्या पट्ट्याच्या वर असेल तेव्हा. आपल्या उदाहरणात २,७०० ही पातळी २,३५० च्या बरीच वर होती. मग चार्ट कितीही चांगला दिसो, तिथे खरेदीचा प्रश्नच येत नाही. मूल्य हे दार आहे. ते बंद असताना चार्टकडे बघायचे कारण नाही.

दार उघडले ते डिसेंबर २०२४ मध्ये, भाव २,३५० च्या खाली आल्यावर. तरी लगेच घ्यायचे नाही. कारण चार्टवर अजून एकही गोष्ट बदललेली नव्हती. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा खाली संपत होती, प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा खाली जात होता, आणि चाळीस आठवड्यांची सरासरी (रोजच्या चार्टवरच्या दोनशे दिवसांच्या सरासरीची ही साप्ताहिक बहीण) उतरणीला लागलेली होती. अशा वेळी भाव पट्ट्यात आला म्हणजे तो पट्ट्याच्या तळाशी, १,८०० ला जाणार नाही, असे काहीच सांगता येत नाही.

दीर्घकाळासाठी घेणाऱ्याने चार्टवर शेकडो निर्देशक लावायची गरज नाही. मला तीनच गोष्टी पाहाव्याशा वाटतात, आणि त्या साप्ताहिक बंद भावावर पाहाव्यात, रोजच्या हेलकाव्यांवर नाही. वाईट बातमी येऊनही भाव नवा तळ करत नाही ना. पुढची घसरण आधीच्या तळाच्या वरच थांबते का. आणि शेवटच्या उसळीचे टोक भाव ओलांडून जातो का. पहिली गोष्ट विकणारे संपत आल्याचे सांगते, दुसरी घेणारे आधीपेक्षा वरच्या भावाला तयार असल्याचे, आणि तिसरी दिशा फिरल्याचे.

एशियन पेंट्समध्ये हे कसे घडले ते महिन्यामागून महिना बघण्यासारखे आहे. ४ मार्च २०२५ ला तळ झाला, २,१२५. त्या दिवशी तो तळ आहे हे कुणालाच कळणे शक्य नव्हते. ७ एप्रिलला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने निफ्टीने मार्चच्याही खाली जाऊन २१,७५० च्या आसपास नवा तळ केला. एशियन पेंट्सने मात्र मार्चचा तळ मोडला नाही. सगळा बाजार खाली जात असताना आधी बराच मार खाल्लेला शेअर टिकून राहतो, तेव्हा त्याची नोंद करावी. ही पहिली खूण.

एप्रिलच्या उत्तरार्धात शेअर अडीच हजारांच्या अलीकडे पोहोचला. दीडेक महिन्यात पंधरा-सोळा टक्के. इथे बरेच जण धावतात. पण भाव पट्ट्याच्या वर गेला होता आणि दुसरी खूण अजून दिसलेली नव्हती. उसळी तिथेच संपली.

८ मे ला वार्षिक निकाल लागले. जानेवारी-मार्चच्या तिमाहीचा नफा ४५ टक्क्यांनी घटून ६९२ कोटी. नोव्हेंबरमध्ये जवळपास एवढ्याच नफ्यावर शेअर एका दिवसात आठ टक्के पडला होता. मे महिन्यात तो २,३०० च्या परिसरातच घोटाळत राहिला. निकाल तेवढाच वाईट, प्रतिसाद अगदी वेगळा. मला विचाराल तर या साऱ्या काळातली सर्वांत बोलकी खूण हीच होती, आणि ती दिसायला कोणताही निर्देशक लागत नाही. निकालाचा कागद आणि त्या आठवड्याची कँडल शेजारी ठेवली की पुरे.

जूनमध्ये आणखी एक परीक्षा झाली. रिलायन्सने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ५०० कोटींना घेतलेला ४.९ टक्के हिस्सा विकायला काढला. १२ जूनला साडेतीन कोटी शेअर २,२०१ रुपयांना एसबीआय म्युच्युअल फंडाने घेतले, आणि चार दिवसांनी उरलेले ८५ लाख २,२०७ च्या भावाने गेले. सतरा वर्षे धरून ठेवणारा विकतो आहे म्हणजे काहीतरी बिघडले आहे, असा अर्थ पुष्कळांनी लावला. विकणाऱ्याची कारणे त्याच्यापाशी. चार्टने सांगितले ते एवढेच की एवढा मोठा माल बाजारात आला आणि तरी भाव २,१२५ च्या खाली गेला नाही. जूनचा तळ मार्चच्या तळापेक्षा वर राहिला. ही दुसरी खूण.

तिसरी खूण ऑगस्टमध्ये आली. शेअर एप्रिलचे टोक ओलांडून २,६०० च्या जवळ गेला. एव्हाना चाळीस आठवड्यांच्या सरासरीची उतरणही थांबत आली होती. चार्ट शिकवणारे याला ब्रेकआउट म्हणतात आणि इथे घ्या म्हणतात. आणि आपल्या पद्धतीची खरी अडचणही इथेच आहे: चार्ट पुरता पटला तेव्हा भाव २,५०० च्या पुढे, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या बाहेर. मूल्याने दार उघडले तेव्हा चार्ट नाही म्हणत होता. चार्ट हो म्हणाला तोवर दार लागले.

यातून वाट काढायची ती रक्कम भागांत घालून. समजा तीन लाख रुपये घालायचे ठरवले आहेत आणि त्याचे लाख-लाखाचे तीन भाग केले. पहिला भाग पहिल्या दोन खुणा मिळाल्यावर, भाव पट्ट्यात असताना: जूनच्या उत्तरार्धात २,२५० च्या आसपास ४४ शेअर, ९९,००० रुपये. इथे दिशा फिरलेली नाही, हे मान्य करून घेतलेली ही जोखीम आहे. पण ती मोजता येते. मार्चचा तळ हाताच्या अंतरावर असतो. साप्ताहिक बंद भाव २,१२५ च्या खाली गेला तर अंदाज चुकला असे समजायचे. तोटा सहा-सात टक्के, तोही एकाच भागावर.

दुसरा भाग ब्रेकआउटच्या दिवशी नाही. ब्रेकआउटनंतर बहुतेक वेळा भाव ओलांडलेल्या टोकाकडे परत येतो, कधी त्याच्या थोडा खालीही. त्याची वाट पाहायची. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात शेअर २,३५० च्या आसपास उतरला. जूनच्या तळापेक्षा बराच वर, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेवर. पंधरवडाभर तिथे टिकून तो पुन्हा वर वळला, तेव्हा २,४०० ला ४१ शेअर, ९८,४०० रुपये. पट्ट्यापेक्षा ५० रुपये वर का दिले? कारण मधल्या काळात जुलैचे निकाल आले होते आणि विक्रीचे माप ३.९ टक्क्यांनी वाढले होते. वाढीचा १३-१४ टक्क्यांचा अंदाज जूनपेक्षा आता थोडा जास्त विश्वासाने धरता येत होता. दोन्ही भाग मिळून ८५ शेअर, सरासरी सुमारे २,३२२, पट्ट्याच्या आत.

याच्याशेजारी 'पडला की घ्या' ही नेहमीची रीत ठेवून पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,००० ला ३३ शेअर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सपोर्टजवळ २,७७० ला ३६, निकालानंतर २,५४० ला ३९. सव्वा-दीड महिन्यात तिन्ही लाख संपले, सरासरी २,७५७. मार्चमध्ये जेव्हा भाव तळाला गेला तेव्हा या माणसाच्या हातात पैसे नव्हते आणि खात्यात वीस टक्क्यांहून अधिक तोटा होता. अॅव्हरेज करणे वाईट नाही. मूल्याच्या पट्ट्याबाहेर, उतरत्या चार्टवर केलेले वाईट.

सगळे होऊन गेल्यावर असे हिशेब सोपे वाटतात, हे ध्यानात ठेवावे. जूनमध्ये २,२५० ला घेतल्यावर शेअर २,००० ला गेला असता तरी पद्धत बरोबरच असती. एक भाग अडकला असता आणि दोन भाग शाबूत राहिले असते. अशा वेळी काय करायचे ते खरेदीच्या आधी लिहून ठेवावे लागते. माझा नियम असा की तळ मोडला तर पुढची खरेदी थांबते, पण घेतलेले शेअर तेवढ्यावरून विकत नाही. विकण्याचे कारण धंद्यातून यावे लागते. इथे ती कारणे ठरवता येतात: मापाने विक्री ओळीने दोन-तीन तिमाही घटत राहणे, किंवा नफ्याचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या खाली जाऊन तिथेच बसणे. तसे झाले तर ४५ चा पाया चुकीचा ठरतो आणि सारा पट्टा खाली सरकतो. मग २,२५० सुद्धा महाग होतो, चार्ट काहीही म्हणो. उलट, धंद्याच्या बाजूने काही बिघडले नसेल तर केवळ साप्ताहिक कँडल खाली बंद झाली म्हणून दहा वर्षांसाठी घेतलेला शेअर फुंकून टाकणे म्हणजे दोन वेगळे खेळ एकत्र करणे.

धंद्याची ही बाजू तिमाही निकालांच्या आधीही थोडी कळू शकते, आणि उपनगरात राहणाऱ्याला ती सोय आहे. भांडुप ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावरून चालत गेलात तर हार्डवेअरची आणि रंगांची दुकाने ओळीने लागतात. दुकानात रंग मिसळण्याचे यंत्र असते. गिऱ्हाईक छटा दाखवते, दुकानदार क्रमांक टाकतो, यंत्र पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंगद्रव्य सोडते आणि डबा दुसऱ्या यंत्रात घुसळला जातो. जागा लहान असल्याने दुकानदार कुणाकुणाची यंत्रे ठेवायची ते जपून ठरवतो. नवा स्पर्धक आला की आधी जुन्या यंत्राशेजारी दुसरे येऊन बसते. ते वापरात आहे की त्यावर ब्रशचे खोके रचून ठेवले आहेत, हे पाहावे. ठेकेदाराला विचारावे की गिऱ्हाइकाने कंपनीचे नाव सांगितले नाही तर तो कोणता डबा उचलतो. एका-दोन दुकानांवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, पण दर तिमाहीला त्याच दुकानांत डोकावले तर बदलाची दिशा कळते. एशियन पेंट्सचा मोठेपणा मुख्यतः या दुकानांच्या जाळ्यावर उभा आहे. ते विरळ होऊ लागले तर त्याची चाहूल इथे आधी लागेल, पीईमध्ये नंतर.

चार्टच्या बाबतीतही दोन सावधगिऱ्या. जुना चार्ट बघताना तो शेअरच्या विभाजनासाठी जुळवून घेतलेला आहे ना ते पाहावे. एशियन पेंट्सने २०१३ मध्ये दहा रुपयांच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा केले; न जुळवलेल्या चार्टवर ते भयंकर घसरणीसारखे दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे ही पद्धत एशियन पेंट्ससारख्या कर्ज नगण्य असलेल्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या कंपनीवर चालते. कर्जात बुडत चाललेल्या किंवा हिशेबावरच शंका असलेल्या कंपनीत सर्वसाधारण वर्षाची कमाई काढायलाच आधार नसतो. तिथे आधीपेक्षा वरचा तळ, ओलांडलेले टोक या खुणा वाटेत चार वेळा येतात आणि चारही वेळा फसवतात.

राहिला तिसरा लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुलै-सप्टेंबरचे निकाल आले. नफा ४३ टक्क्यांनी वाढून ९९४ कोटी, विक्रीचे माप १०.९ टक्क्यांनी वर. शेअरने त्या महिन्यात २,९०० ओलांडले. चार्ट इतका चांगला या दोन वर्षांत कधीच दिसला नव्हता: सरासरी वर वळलेली, भाव सगळ्या सरासऱ्यांच्या वर, प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा उंच. पण २,९०० भागिले ४५ म्हणजे पीई ६४. पायाच्या कमाईचा आकडा ४५ वरून ४८ केला तरी ६०. वर्षाचे पूर्ण निकाल हाती येऊन तो पाया खरोखर वर सरकेपर्यंत तिसरा लाख बँकेतच राहतो.